दिवसाला २० जॉब कार्ड? सर्व्हिस टेक्निशियनचा रेझ्युमे वाचणाऱ्याला काय दिसतं

प्रश्न: विजापूर रोडच्या आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकल केलंय. एक वर्ष अप्रेंटिस, मग साडेचार वर्षं सोलापुरातच मारुतीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये टेक्निशियन. पुण्यात तीन ठिकाणी रेझ्युमे दिला, कुणाचाच फोन नाही. त्यात "सर्व प्रकारच्या गाड्यांचा अनुभव, स्कॅनर नॉलेज, दिवसाला १५ ते २० जॉब कार्ड, वॉरंटी हँडलिंग" असं लिहिलंय. सर, काय चुकतंय?

उत्तर:

चुकतोय तो जॉब कार्डाचा आकडा, आणि त्याच्यामुळे बाकीच्या तीन गोष्टींवरचाही विश्वास उडतोय.

मी सोलापुरात वर्क्स मॅनेजर म्हणून काम करतो. टेक्निशियन घ्यायचा असला की रेझ्युमे आधी माझ्या टेबलावर येतात. "दिवसाला २० जॉब कार्ड" वाचलं की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. शिफ्ट सकाळी ९ ते संध्याकाळी ६, जेवण-चहा वगळून हातात आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं. भागिले २०, एका गाडीला २४ मिनिटं. एवढ्या वेळात गाडी लिफ्टवर घ्यायची, ऑइल काढायचं, फिल्टर बदलायचे, चारही चाकं उतरवून ब्रेक साफ करायचे, लेव्हल बघायच्या आणि रोड टेस्टही मारून यायची? ऑइल नीट निथळायलाच त्यातला बराच वेळ जातो. म्हणजे हा मुलगा एकतर खोटं लिहितोय, नाहीतर अख्ख्या बेचा किंवा अख्ख्या वर्कशॉपचा आकडा स्वतःच्या नावावर मांडतोय. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दुसरं असतं. फ्लोअरवर दिवसभर "आज किती गाड्या आल्या" हेच ऐकू येत असल्यामुळे तोच आकडा तोंडात बसतो. पण पुण्यातल्या माणसाला तुमचा हेतू कळत नाही, त्याला फक्त न जुळणारा भागाकार दिसतो.

मग खरा आकडा काढायचा कसा? गेल्या वर्षी आमच्याच फ्लोअरवरच्या एका मुलाबरोबर बसून मी हे केलं होतं, तेच सांगतो. त्याला पुण्याला जायचं होतं. लपवून न करता सरळ येऊन म्हणाला, "साहेब, रेझ्युमे बघता का एकदा?" त्याच्याकडे एक खिशातली डायरी होती. इन्सेंटिव्हचा हिशोब महिनाअखेरीला जुळत नाही म्हणून रोज जॉब कार्ड नंबर आणि कामाचा प्रकार लिहून ठेवायचा. त्या डायरीतून आम्ही तीन महिने उचलले. एप्रिल घेतला, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसीच्या तक्रारींची रांग लागते. जुलै घेतला, कारण तो महिना मंद होता. ऑक्टोबर घेतला, कारण नवरात्र-दसऱ्याला तुळजापूरच्या ट्रिपा मारणाऱ्या टॅक्सीवाल्यांपासून घरच्या गाड्यांपर्यंत सगळ्यांना सर्व्हिसिंग त्याच आठवड्यात हवं असतं. फक्त गर्दीचा महिना घेतला असता तर आकडा फुगला असता.

एप्रिलमध्ये २५ दिवसांत ९६ कार्डं, जुलैत १९ दिवसांत ७१ (एक आठवडा तो कंपनीच्या ट्रेनिंगला गेला होता), ऑक्टोबरमध्ये दोन रविवार धरून २७ दिवसांत १०८. एकूण ७१ दिवसांत २७५ कार्डं, म्हणजे दिवसाला चारच्या किंचित आत. त्याला आकडा ऐकून वाईटच वाटलं. "एवढेच?" असं म्हणाला. मी म्हटलं, एवढेच म्हणून तर खरे आहेत.

पण नुसता चार हा आकडाही अर्धवटच. दिवसाला चार पिरियॉडिक सर्व्हिस करणं वेगळं आणि चार सस्पेन्शनची कामं उरकणं वेगळं. म्हणून ती २७५ कार्डं आम्ही तीन गठ्ठ्यांत लावली. फ्री आणि पेड मिळून पिरियॉडिक सर्व्हिस १६८, रनिंग रिपेअर ७९ आणि वॉर्निंग लाइट किंवा इलेक्ट्रिकल तक्रारीची २८. हा शेवटचा गठ्ठा सगळ्यात लहान, पण रेझ्युमेत सगळ्यात किमती. ऑइल-फिल्टर करणारे हात मला सोलापुरात रोज मिळतात. लाइट पेटलेली गाडी ज्याच्याकडे सुपरवायझर मुद्दाम ढकलतो, असा मुलगा मिळत नाही. ७१ दिवसांत २८ म्हणजे दर दोन-अडीच दिवसांनी एक अशी गाडी त्याच्या बेवर आली. याचा अर्थ त्याच्या सुपरवायझरचा त्याच्यावर भरवसा होता, हे न लिहिताही कळतं.

आणखी एक आकडा त्याने स्वतःहून लिहायला नको म्हटलं, तो मी लिहायला लावला: त्याच तक्रारीसाठी परत आलेल्या गाड्या. २७५ पैकी ६. त्यातल्या चार ब्रेकच्या आवाजाच्या होत्या. रिपीट जॉब लपवण्यात अर्थ नसतो, मुलाखतीत "रिपीट किती?" हे मी हमखास विचारतो. "एकही नाही" म्हणणाऱ्याने एकतर नोंद ठेवलेली नसते, नाहीतर तो मला वेड्यात काढत असतो. "सहा, त्यातल्या चार ब्रेकच्या, पॅड बदलताना डिस्कची कड घासून घ्यायचं राहायचं, आता करतो" असं सांगणारा मुलगा माझ्या यादीत वर जातो.

हेल्पर होता की एकटे होता, हेही त्याच ओळीत लिहा. दोघांची चार कार्डं आणि एकट्याची चार यात फरक आहे.

आता स्कॅनरकडे येऊ. "स्कॅनर नॉलेज" हे दोन शब्द मला काहीच सांगत नाहीत. स्कॅनरचं काम ढोबळमानाने तीन पायऱ्यांचं असतं. पहिली पायरी कोड वाचणं आणि पुसणं. दुसरी, लाइव्ह डेटा आणि फ्रीझ फ्रेम वाचून, ॲक्च्युएटर टेस्ट घेऊन दोष कुठे आहे ते ठरवणं. तिसरी, नवीन ईसीयू बसवल्यावर कोडिंग किंवा सॉफ्टवेअर फ्लॅश करणं. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते लिहा, आणि उपकरणाचं नावही लिहा. तुमच्याकडे मारुतीचं एसडीटी असेल, तर एसडीटी लिहा. ह्युंदाईवाल्याने जीडीएस लिहावं. मल्टीब्रँड गॅरेजमध्ये बॉशचं केटीएस किंवा लाँचचं मशीन वापरलं असेल तर तेही लिहा, कारण मल्टीब्रँडवाले नेमकं तेच शोधतात. पण एसडीटीवर फक्त कोड पुसले असतील तर फ्लॅशिंग लिहू नका. मी विचारतो, "फ्लॅश करताना बॅटरीला काय लावलं होतं?" ज्याने केलंय तो लगेच चार्जर किंवा सपोर्ट युनिटचं नाव घेतो. व्होल्टेज मध्येच पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो, ही धास्ती त्याने अनुभवलेली असते. ज्याने केलेलं नाही, तो माझ्याकडे बघत बसतो.

मल्टीमीटरला मात्र बहुतेक मुलं रेझ्युमेत जागाच देत नाहीत. माझ्या दृष्टीने तो स्कॅनरच्या आधी यायला हवा. का, ते त्या मुलाच्याच एका गाडीवरून सांगतो.

मे महिना होता. एक पेट्रोल गाडी, वॉरंटीतली. तक्रार अशी की दुपारी चालता चालता बंद पडते, वीस-पंचवीस मिनिटं उभी केली की पुन्हा चालू होते. सकाळी कधीच त्रास नाही. कोड होता P0335, क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचं सर्किट. आमच्याच एका जुन्या टेक्निशियनने कोड वाचला, सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी दिली. नऊ दिवसांनी गाडी टोइंगवर परत आली. कोड तोच.

या वेळी कार्ड या मुलाकडे गेलं. त्याने पहिल्यांदा काय केलं, तर कोड पुसला नाही. कोड पुसला की त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दोष आला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमला होतं, सगळं पुसलं जातं. फ्रीझ फ्रेममध्ये कूलंटचं तापमान चांगलंच चढलेलं दिसलं. मग गाडी उन्हात आयडलवर सोडून दिली आणि बंद पडायची वाट बघितली. बंद पडल्यावर स्टार्टर मारताना लाइव्ह डेटा बघितला. स्टार्टर इंजिन फिरवतोय, पण स्क्रीनवर आरपीएम शून्य. म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूपर्यंत पोचतच नाहीये. सेन्सर तर नवीनच. मग मल्टीमीटर घेतला. सेन्सरच्या प्लगवर सप्लाय ठीक, अर्थ ठीक. उरली सिग्नल वायर. बॅटरी काढून, दोन्हीकडचे प्लग सोडून तिची कंटिन्युइटी लावली आणि हार्नेस हाताने हळूहळू वाकवत गेला. एका ब्रॅकेटपाशी आला आणि मीटरचा बीप तुटला. वरचं इन्सुलेशन धड होतं, आतलं तांबं तुटलेलं. गरम झालं की टोकं दुरावायची, थंड झालं की पुन्हा टेकायची. वायरचा तेवढा तुकडा बदलला, हार्नेस ब्रॅकेटपासून लांब क्लिप केला, आणि भर दुपारी एसी लावून तुळजापूर रोडला ३० किलोमीटर रोड टेस्ट मारली. ती गाडी त्या तक्रारीसाठी पुन्हा आली नाही.

आता या गोष्टीचा वॉरंटीचा भाग ऐका, कारण तुमच्या रेझ्युमेतला चौथा शब्द तोच आहे. पहिल्यांदा बदललेल्या सेन्सरचा क्लेम आम्ही टाकला होता. जुना सेन्सर कंपनीने तपासणीला मागवला आणि शेरा आला: दोष आढळला नाही. क्लेमचे पैसे आमच्या खात्यातून वळते झाले. हार्नेसचा क्लेम मात्र पास झाला, कारण जॉब कार्डाच्या मागे या मुलाने मोजलेलं सगळं लिहिलं होतं. कुठल्या वायरला कंटिन्युइटी नाही, कुठे वाकवल्यावर तुटते, तुटलेल्या जागेचा आणि ओडोमीटरचा फोटो, आणि काढलेला तुकडा टॅग लावून वॉरंटी स्टोअरला जमा.

इथेच "वॉरंटी हँडलिंग" हा शब्द अडचणीत आणतो. क्लेम सिस्टीममध्ये भरणारा माणूस वेगळा असतो. तो वॉरंटी इन्चार्ज. लेबर कोड, कॉजल पार्ट, क्लेमचा पाठपुरावा हे त्याचं काम. टेक्निशियन दोष शोधतो, मोजमाप लिहितो, काढलेला पार्ट न धुता, न पुसता, टॅग लावून जमा करतो. (पार्ट चकचकीत धुऊन आणणारे महाभाग अजून आहेत. गळतीचा पुरावाच नळाखाली धुऊन येतात.) तुम्ही "वॉरंटी हँडलिंग" लिहिलंत की समोरचा वॉरंटीवाला तुम्हाला क्लेम प्रक्रियेचे प्रश्न विचारणार आणि तुम्ही अडखळणार. त्यापेक्षा जे केलंत तेच लिहिलं तर भारी पडतं. त्या मुलाने दीड वर्षात वॉरंटीची ४३ कामं केली होती, त्यातले ३ क्लेम नामंजूर झाले. ते आकडे आम्ही वॉरंटी इन्चार्जच्या रजिस्टरवरून जुळवून घेतले, अंदाजाने लिहिले नाहीत.

गाड्यांच्या मेकबद्दल फार लांबवत नाही. साडेचार वर्षं एकाच कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाने "सर्व प्रकारच्या गाड्या" लिहिलं की ते कुणालाच पटत नाही, आणि तुमची खरी ताकद त्यात बुडते. मारुती लिहा, आणि खाली इंजिन आणि गिअरबॉक्सनुसार लिहा. के-सिरीज पेट्रोल, कंपनीची सीएनजी, एजीएस गिअरबॉक्स, जुनी १.३ डिझेल. मारुतीने डिझेल बंद केलं ते १ एप्रिल २०२० ला बीएस ६ आलं तेव्हा, पण त्या गाड्या आपल्या भागात अजून भरपूर पळताहेत आणि मल्टीब्रँडवाल्यांना त्या येणारा माणूस हवाच असतो. प्रत्येकापुढे काय केलं तेही एका ओळीत. एजीएसपुढे "क्लच बदलून लर्निंग केलं" आणि "फक्त ऑइल चेक केलं" यात दोन वर्षांच्या अनुभवाचं अंतर आहे. बाहेर रविवारी मित्राच्या गॅरेजात ह्युंदाई-टाटाची कामं केली असतील तर ती "अधिकृत वर्कशॉपबाहेरचा अनुभव" म्हणून वेगळी लिहा, मिसळू नका. आणि सध्याच्या मालकाला ते चालतं की नाही, हे लिहायच्या आधी बघा.

त्या मुलाच्या कागदाचा मधला भाग शेवटी असा झाला. मी मराठीत देतोय, तुम्ही याच साध्या वाक्यांत इंग्रजी करून घ्या, पुण्यात एचआर आधी वाचतो:

"जॉब कार्ड: दिवसाला सरासरी ३.९, एका हेल्परसह (तीन महिन्यांच्या नोंदीवरून, ७१ दिवस, २७५ कार्डं). पिरियॉडिक सर्व्हिस १६८, रनिंग रिपेअर ७९, वॉर्निंग लाइट व इलेक्ट्रिकल २८. रिपीट ६.

डायग्नोसिस: कंपनीचा स्कॅनर, दुसऱ्या पायरीपर्यंत: कोड, फ्रीझ फ्रेम, लाइव्ह डेटा, ॲक्च्युएटर टेस्ट. ईसीयू फ्लॅशिंग सीनियरच्या देखरेखीखाली २ वेळा. मल्टीमीटरने सप्लाय, अर्थ, कंटिन्युइटी व व्होल्टेज ड्रॉप.

उदाहरण: गरम झाल्यावर बंद पडणारी पेट्रोल गाडी, कोड P0335, सेन्सर आधीच बदललेला. स्टार्टर मारताना लाइव्ह डेटात आरपीएम शून्य. सिग्नल वायर ब्रॅकेटपाशी आतून तुटलेली सापडली. दुरुस्तीनंतर ३० किमी रोड टेस्ट, तक्रार परत नाही.

वॉरंटी: १८ महिन्यांत ४३ कामांत दोषनिदान, मोजमापाची नोंद, फोटो व पार्ट टॅगिंग. ३ क्लेम नामंजूर. क्लेम भरण्याचं काम केलेलं नाही."

ती शेवटची ओळ त्याला खोडायची होती. मी खोडू दिली नाही. पुण्यातल्या मुलाखतीत त्याला वॉरंटीचा पहिला प्रश्न नेमका त्याच ओळीवर आला, आणि मग बोलणं सरळ हार्नेसच्या गाडीकडे वळलं. अर्धा तास तेवढंच चाललं म्हणे.

वरच्या भागात नाव, मोबाइल, आयटीआयचं वर्ष, अप्रेंटिसशिप, कंपनीची ट्रेनिंग आणि चारचाकीचं लायसन्स एवढं पुरे. लायसन्स नक्की लिहा, रोड टेस्टसाठी ते विचारतातच. वडिलांचं नाव, धर्म, छंद क्रिकेट आणि खाली "वरील माहिती सत्य आहे" हे सगळं काढा. एक पान, फार तर दीड.

एक सावधगिरी. आकड्यांचा पुरावा म्हणून जॉब कार्डांचे किंवा सिस्टीमच्या स्क्रीनचे फोटो काढून नेऊ नका. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, गाडीचा नंबर असतो. एकाने मला मुलाखतीत मोबाइलवर असे फोटो दाखवले होते. मी त्याला घेतलं नाही, कारण उद्या माझ्या गिऱ्हाइकांचे नंबर तो असेच दुसऱ्याला दाखवेल.

आणि तुमच्याकडे डायरी नसेल, तर सुपरवायझरला तुमच्या नावाचा टेक्निशियननिहाय रिपोर्ट सिस्टीमवर दाखवायला सांगा आणि फक्त बेरजा उतरवून घ्या. ते जमत नसेल तर येत्या सोमवारपासून वही सुरू करा. चार रकाने: तारीख, कामाचा प्रकार, एकटे की हेल्परसह, परत आली का. तीन आठवड्यांनी जो आकडा येईल तो लिहा, आणि शेजारी "तीन आठवड्यांच्या नोंदीवरून" असंही लिहा.